भाडेपट्ट्यातून गळालेला शब्द

*‘माझ्या कथेची नायिका पंचविशीतली आहे. आधी शालेय पुस्तकांच्या छापखान्यात होती, आता एका वकिलांच्या कार्यालयात मुद्रितशोधक म्हणून नुकतीच लागली आहे. भाडेपट्ट्यावर सह्या उद्या सकाळी आहेत आणि आदल्या संध्याकाळी तिला त्यात एक शब्द गळालेला दिसतो. मी “नाही” गाळला: पट्टेदार जागा पोटभाड्याने देऊ शकणार नाही, यातला. मैत्रीण म्हणाली, “हे तर कुणालाही दिसलं असतं, वकिलांना कसं दिसलं नाही?” मला उत्तर सुचलं नाही. मग कोणता शब्द गाळू? तो तिला कसा दिसेल? रात्री तिने भाडेकरूला फोन करून सांगावं का? शेवटी ती स्वतःच पेनाने शब्द घालते असं लिहिलं आहे, ते चालेल का?’*

*— एक वाचक, सांगली*

नमस्कार.

मैत्रिणीची शंका रास्त आहे. मराठी वाक्यात नकार अगदी शेवटी येतो. ‘पट्टेदार सदर मिळकत पोटभाड्याने देऊ शकणार’ एवढ्यावर वाक्य थांबलं की वाचणारा अडखळतोच, कारण क्रियापद अर्धवट लोंबकळत राहतं. टंकलेखकाला ते दिसेल, वकिलांना दिसेल, भाडेकरूबरोबर आलेल्या त्याच्या मेहुण्यालाही दिसेल. जो शब्द गेल्याने वाक्य मोडतं, तो शोधायला मुद्रितशोधक लागत नाही. तुमच्या कथेला असा शब्द हवा, की तो गेल्यावरही वाक्य धडधाकट उभं राहील, व्याकरणात बसेल, व्यवहारातही शोभेल, आणि तरीही ठरलेल्यापेक्षा वेगळंच सांगेल.

असे शब्द बहुधा मर्यादा घालणारे असतात. ‘लेखी’, ‘फक्त’, ‘कमाल’, ‘किमान’, ‘वाजवी’. ‘पट्टा देणाऱ्याच्या पूर्वलेखी संमतीशिवाय’ ऐवजी ‘पूर्वसंमतीशिवाय’ छापलं तर कुणाची भुवईही हलणार नाही. पण ‘लेखी’ मी तुम्हाला सुचवणार नाही. त्याचं नुकसान चार-पाच वर्षांनी, भांडण झाल्यावर समोर येतं: तुम्ही तोंडी हो म्हणाला होतात, नाही म्हणालो होतो. आदल्या संध्याकाळी त्या शब्दाची किंमत वाचकाला कशी दाखवणार? कथेला असा शब्द बरा, ज्याचा हिशेब तिथल्या तिथे मांडता येतो. माझी निवड ‘कमाल’.

आता प्रसंग नीट बसवू. जागा म्हणून एखादा मोकळा बिगरशेती भूखंड घ्या, दुकानगाळा नको. इमारतीतली जागा घेतली की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये येतो, भाडं किती वाढवता येतं यावर त्याचे स्वतःचे नियम आहेत आणि तुमची सगळी गोष्ट त्यातच अडकेल. मोकळी जमीन त्या कायद्यातल्या ‘जागे’च्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथे पक्षकारांनी आपसात जे ठरवलं त्याला खरं वजन असतं. समजा, तुमच्याच सांगलीतला रस्त्याकाठचा भूखंड आहे. मालक तिघं भावंडं, त्यातला धाकटा आखातात नोकरीला. घेणारा लाकडाची वखार टाकणार आहे. मुदत 9 वर्षं, भाडं महिना 40,000 रुपये. तुमच्या नायिकेचं कार्यालय मालकांच्या बाजूने काम करतं. हे शेवटचं मी मुद्दाम म्हणतोय, त्याचं कारण पुढे येईल.

ठरलेलं कलम असं:

‘6. सदर मिळकतीचे मासिक भाडे रुपये 40,000/- (अक्षरी रुपये चाळीस हजार मात्र) राहील. प्रत्येक वर्ष पूर्ण झाल्यावर सदर भाड्यात कमाल 10 टक्के वाढ करण्यात येईल. वाढीचा दर उभय पक्षांनी दर वर्षी मार्च महिन्यात चर्चेने निश्चित करावयाचा आहे.’

यातून ‘कमाल’ काढून पुन्हा वाचा. ‘सदर भाड्यात 10 टक्के वाढ करण्यात येईल.’ काहीही खटकत नाही. उलट हे वाक्य इतकं ओळखीचं आहे की नजर त्यावरून घसरते. दर वर्षी दहा टक्के वाढ हे भाड्याच्या करारांत इतक्यांदा येतं, की त्यात मुरलेला माणूस ते वाचतच नाही, नुसतं ओळखतो. तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. वकिलांना ते दिसलं नाही कारण त्यांनी असं वाक्य आयुष्यभर पाहिलं आहे.

फरक किती पडतो ते तिला पाठकोऱ्या कागदावर मांडू द्या. चर्चेत वाढ दर वर्षी 5 टक्क्यांवर ठरत गेली असं धरलं, तर नवव्या वर्षी भाडं महिना साधारण 59,100 रुपये होतं. सरसकट 10 टक्के धरले तर 85,700 च्या वर जातं. नऊ वर्षांची बेरीज केली तर एकीकडे सुमारे 52 लाख 93 हजार, दुसरीकडे 65 लाख 18 हजार. सव्वाबारा लाखांचा फरक, एका तीन अक्षरी शब्दाने. हे आकडे कथेत सगळे देऊ नका. नवव्या वर्षाच्या भाड्याचे दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले पुरेत.

हे कल्पनेतलं नाही, याची खात्री असू द्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात 2015 साली ‘अर्नोल्ड विरुद्ध ब्रिटन’ या नावाने एक खटला निकाली निघाला. वेल्समधल्या गॉवर द्वीपकल्पावर ऑक्सविच इथे सुट्टीत राहायच्या छोट्या घरांची वसाहत आहे. घरं 99 वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली. त्यांतल्या काही पट्ट्यांत देखभाल खर्चापोटी वर्षाला 90 पौंड आणि त्यात दर वर्षी 10 टक्के वाढ असं लिहिलं होतं. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये महागाईच दहा टक्क्यांच्या वर धावत होती, म्हणून लिहिताना कुणाला ते जाचक वाटलं नसणार. पण चक्रवाढीने हीच रक्कम 2072 पर्यंत एका घरामागे वर्षाला साडेपाच लाख पौंडांच्या पुढे जाते. घरधारक म्हणाले, हा आकडा कमाल मर्यादा म्हणून वाचा, प्रत्यक्ष खर्च होईल तेवढंच द्यायचं. पाचपैकी चार न्यायाधीशांनी नकार दिला. करार एका बाजूला महाग पडला म्हणून न्यायालय त्यात शब्द घालणार नाही, असा त्यांचा कौल होता. तिथे शब्द टंकताना गळाला होता की मुळात कुणी लिहिलाच नव्हता, हा प्रश्न वेगळा. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की गैरहजर ‘कमाल’ न्यायालयात जाऊन परत मिळवणं किती अवघड असतं ते यातून दिसतं.

आता ती कशी पाहते. इथे बहुतेक कथा फसतात. नायिकेची नजर तीक्ष्ण असते, ती पानावरून बोट फिरवते आणि अचानक थांबते. गळालेला शब्द असा सापडत नाही. चुकीचा शब्द कागदावर असतो म्हणून तो डोळ्यांना बोचतो. गळालेला तिथे नसतोच, मग डोळ्यांना बोचणार काय? म्हणूनच छापखान्यात जोडीने वाचायची पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. सुटलेला शब्द असाच पकडला जातो. एकटीने शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं वाचलं तर ऱ्हस्व-दीर्घ सापडतं, गळालेला शब्द मात्र नाही, कारण उलट वाचताना वाक्याचा अर्थच हातात नसतो. संगणकावर दोन मसुदे ताडून पाहायची सोय आहे, पण ती दोन फाइलींमधला फरक सांगते. दुरुस्ती हाताने कागदावर केलेली असेल आणि कोणत्याच फाइलीत पोचली नसेल, तर संगणकाच्या लेखी ती झालेलीच नाही.

आणि तुमच्या कथेत नेमकं तेच घडलं आहे असं ठरवा. बोलणी झाली तेव्हा तिसऱ्या मसुद्याची छापील प्रत टेबलावर होती. त्यात सरसकट दहा टक्के होते. वखारवाला म्हणाला, एवढं जमणार नाही. घासाघीस झाली. वकिलांनी त्याच कागदावर ‘भाड्यात’ या शब्दानंतर काकपदाची खूण काढून डाव्या समासात ‘कमाल’ लिहिलं आणि पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात चर्चेचं वाक्य घातलं. दोन्ही बाजूंनी त्या पानावर आद्याक्षरं केली. मग कागद फाइलला लागला. फाइल लावताना पंचचं भोक डाव्या समासात पडतं. ‘कमाल’चा ‘मा’ भोकात गेला, उरलेलं फाइलच्या पट्टीखाली दबलं. टंकलेखकाने तळाचं वाक्य इमानदारीने घातलं, समासातला शब्द त्याला दिसलाच नाही. यात कुणी दुष्ट नाही, कुणी आळशीही नाही. कागदांच्या कार्यालयात चुका अशाच होतात.

म्हणजे शब्द गेला, पण त्याची सोबतीण मागे राहिली. चर्चेचं वाक्य. तुमच्या नायिकेला दिसतं ते हे वाक्य: दर दहा टक्के ठरलेलाच आहे, तर मार्चमध्ये चर्चेने निश्चित काय करायचं? तिला कायदा येत नाही, पण तिने पाचवीच्या गणिताची पुस्तकं तपासली आहेत. उदाहरणातला आकडा आणि मागच्या उत्तरातला आकडा जुळतो का, हे पाहायची तिला सवय आहे. शेजारच्या दोन वाक्यांचं एकमेकांशी पटत नाही, एवढंच तिच्या लक्षात येतं. नवखेपणाचा इथे उपयोग होतो. मुरलेला माणूस दुसरं वाक्य पहिल्याच्या ओघात गिळून टाकतो, तिला अजून ते जमत नाही. मग ती जुने मसुदे मागते, फाइलची पट्टी सोडवते आणि भोकाच्या दोन बाजूंना ‘क’ आणि ‘ल’ बघते. हा शोध ओळी-दोन ओळींत उरकू नका. पट्टी सोडवण्यापासून अक्षरं दिसेपर्यंत वाचकाला तिच्या मागे उभं राहू द्या.

आता तुमचा शेवट. ती स्वतः पेनाने शब्द घालते हे काढून टाका, आग्रहाने सांगतो. छापखान्यातही मुद्रितशोधक मजकुराच्या अर्थात हात घालत नाही. मूळ प्रतीत शब्द असेल तर प्रुफावर काकपद देऊन तो समासात लिहायचा. शंका असेल तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह आणि लेखकाकडे प्रश्न. दस्तावर तर हा नियम जास्तच कडक आहे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 20 नुसार ओळींमध्ये घुसवलेला मजकूर, मोकळ्या जागा, खाडाखोड किंवा बदल असलेला दस्त दुय्यम निबंधक नाकारू शकतो. तसा बदल असेल तर दस्त करून देणाऱ्यांनी त्याशेजारी सही किंवा आद्याक्षरं करून तो मान्य करावा लागतो. तिसऱ्याच व्यक्तीच्या अक्षरात उगवलेला शब्द उद्या न्यायालयात कुणी दाखवला, तर संशय वखारवाल्यावर जाईल. त्याचं भलं करायला गेलेली नायिका त्याच्याच गळ्यात लोढणं बांधून बसेल.

ती शंका लिहिते, पेन्सिलने, समासात: ‘मसुदा 3, पान 4, समासातील हस्तलिखित दुरुस्ती पाहावी. “कमाल”?’ आणि उठून वकिलांकडे जाते.

भाडेकरूला फोन? नाही. कार्यालय मालकांचं आहे. वकिलाने अशिलाचं गुपित राखायचं असतं आणि ते बंधन त्याच्या कारकुनांना आणि नोकरांनाही लागू होतं. पूर्वी हे भारतीय पुरावा कायद्यात होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींना ते संरक्षण नाही, पण या क्षणी तिच्यासमोर तसं काहीच नाही, फक्त टंकनातली चूक आहे. तिचा रस्ता एकच, वकिलांच्या टेबलाकडे जाणारा. आणि खरं सांगायचं तर कथा म्हणूनही हाच रस्ता जास्त कठीण आहे. फोन केला की ती सुटते. टेबलापाशी उभी राहिली की सुटका नाही, कारण गळालेला शब्द ज्यांच्या फायद्याचा आहे, त्यांच्याच पैशावर हे कार्यालय चालतं.

कार्यालय मालकांच्या बाजूचं ठेवा असं वर सुचवलं ते यासाठी. संध्याकाळी साडेसहापर्यंत ही चूक होती, कुणालाच माहीत नसलेली. अशी दोन्ही पक्षांची सामाईक चूक न्यायालय दुरुस्त करू शकतं. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 26 मध्ये त्याची तरतूद आहे. पण साडेसहाला नायिकेने ती वकिलांच्या लक्षात आणून दिली. आता एका बाजूला माहीत आहे, दुसऱ्या बाजूला नाही. सकाळी वकील गप्प राहिले, मालकांनाही सांगून गप्प बसवलं आणि वखारवाल्याने सही केली, तर त्या गप्प बसण्याला काय म्हणायचं? नुसतं मौन म्हणजे नेहमीच कपट होत नाही, हे कायदाही मान्य करतो. पण माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून लपवणं हे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे कपटात येतं. आणि इथे तर आद्याक्षरं असलेला तिसरा मसुदा फाइलमध्ये आहे. लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, पण चूक किंवा कपट सिद्ध करायला चालतो. तो कागद उद्या कुणाच्याही हाती लागू शकतो. वकिलांना हे सगळं एका क्षणात कळतं. नायिकेला यातलं काहीही माहीत नाही, तिने फक्त एक प्रश्न विचारला आहे. पण तो विचारल्यावर चूक चूक राहत नाही, या खोलीतल्या दोन माणसांचा निर्णय होते. माझ्या मते तुमची कथा या जागी आहे, शब्द सापडण्याच्या जागी नाही.

हा प्रसंग संवादात धरता येईल. मी असा लिहून पाहिला, तुम्ही तुमच्या पद्धतीने बदला:

‘सर, सहाव्या कलमात एक विचारायचं होतं.’

‘शुद्धलेखन असेल तर करून टाक. मला विचारू नकोस.’

‘शुद्धलेखन नाही. वाढ दहा टक्के ठरलीच आहे, तर मग मार्चमध्ये ठरवायचं काय?’

सरांनी चष्मा लावला. कलम वाचलं, मग तिच्या हातातलं छिद्राचं पान घेतलं आणि खिडकीकडे धरलं.

‘हे कुणी पाहिलंय अजून?’

‘कुणीच नाही.’

‘टायपिस्ट?’

‘तो सहालाच गेला.’

सरांनी पान टेबलावर ठेवलं. ‘तुला कळतंय का, हे असंच राहिलं तर कुणाचा फायदा आहे?’

‘मालकांचा.’

‘आणि मालक कोण?’

‘आपले अशील.’ ती थोडी थांबली. ‘पण सर, आद्याक्षरं त्यांचीही आहेत.’

इथे सरांना लगेच सज्जन करू नका आणि खलनायकही करू नका. त्यांना मालकांना फोन करावाच लागेल, कारण दस्त मालकांचा आहे. फोनवर मालक काय बोलतात ते नायिकेला अर्धवटच ऐकू येऊ दे. थोरला भाऊ म्हणू शकतो, ‘आता छापून झालंय ना, राहू दे की.’ मग वकिलांनी त्याला काय सांगायचं? ‘राहू देता येणार नाही’, एवढं एक वाक्य आणि त्यामागचं कारण, उपदेश न करता. व्यवहारी कारणच जास्त खरं वाटेल: हा कागद फाइलीत आहे, त्यावर तुमची आद्याक्षरं आहेत, आज सव्वाबारा लाख कमवाल आणि पुढची दहा वर्षं तारखा घालाल.

रात्रीची घाई कशाची, हेही नीट ठरवा, कारण ‘उद्या सही झाली नाही तर सगळं बुडालं’ हे वाचकाला पटणार नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, पण सह्या झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिन्यांची मुदत असते, आणि सह्याच परवावर ढकलल्या तर कायद्याची काही हरकत नाही. म्हणून घाई माणसांची हवी. आखातातला धाकटा भाऊ उद्या रात्रीच्या विमानाने परत चालला आहे, दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ घेऊन ठेवली आहे, मुद्रांक शुल्क ई-चलानने भरून झालं आहे, साक्षीदारांनी सुट्टी टाकली आहे. वकिलांनी कुलमुखत्यारपत्र करून ठेवायला सांगितलं होतं, ते भावाने केलेलं नाही. एवढं पुरे.

आणि गंमत अशी की दुरुस्ती स्वतः अगदी सोपी आहे. शुल्क चलानने भरलेलं असल्यामुळे दस्ताची पानं साध्या कागदावरच छापलेली असतात. सह्या व्हायच्या आधी चौथं पान बदलून नवं छापायला दोन मिनिटं लागतात. एक शब्द वाढल्याने ओळ पुढे सरकते, पानाचा शेवट बदलतो, म्हणून पुढची पानंही पुन्हा पाहावी लागतात. तुमच्या नायिकेकडून हे करवून घ्या, कारण खरी मुद्रितशोधक हे विसरत नाही. मिळकतीचं परिशिष्ट शेवटच्या पानावर असतं. चतुःसीमांची एखादी ओळ पान उलटताना तुटली तर नवीच भानगड. ती रात्री पुन्हा अख्खा दस्त वाचते, या वेळी जोडीने. मूळ प्रत मोठ्याने कोण वाचतं, हे तुम्ही ठरवा. मी वकिलांनाच वाचायला लावीन.

हेच सह्या झाल्यावर लक्षात आलं असतं, तर हाताने शब्द घालून सर्वांची आद्याक्षरं घ्यावी लागली असती. नोंदणी झाल्यावर लक्षात आलं असतं, तर वेगळा चूक दुरुस्ती दस्त करावा लागला असता, दोन्ही पक्षांच्या संमतीने आणि सगळ्यांना पुन्हा निबंधकांसमोर बसवून. एका बाजूने नाही म्हटलं की उरतो दावा. हा उतार वाचकाला कुठेतरी जाणवला पाहिजे. दोन मिनिटं, मग एक सकाळ, मग कित्येक वर्षं. वकिलांच्या तोंडी एखाद्या वाक्यात तो येऊ द्या, फोन ठेवल्यावर.

सकाळच्या प्रसंगात वखारवाल्याला काही कळतं का, असं तुम्ही पुढे विचाराल. माझं मत, कळू देऊ नका. त्याला बरोबर छापलेला दस्त मिळतो, तो सहावं कलम वाचतो, ‘कमाल’ जागेवर बघून मान हलवतो आणि पुढचं पान उलटतो. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. पण थोरल्या भावाला माहीत आहे, आणि तो सही करताना नायिकेकडे बघतो की नाही बघत, यातलं काय लिहायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल, कारण त्या भावाला तुम्ही मागच्या पानांवर कसा रंगवला आहे हे मला माहीत नाही. त्याच्यावर आधी थोडा वेळ घालवला नसेल तर आता घाला. सध्या तुमच्या मसुद्यात मालक फक्त नावापुरते असणार, असा माझा अंदाज आहे.

कथा पाठवण्याआधी एक करून बघा. सहावं कलम ‘कमाल’ वगळून एका कागदावर स्वच्छ लिहा आणि ओळखीच्या एखाद्या दस्तलेखकाला वाचायला द्या, काय शोधायचं ते न सांगता. त्याने वाचून ‘ठीक आहे’ म्हटलं तर शब्द योग्य निवडला आहे. त्याने तळाच्या वाक्यावर थांबून ‘हे कशाला घातलंय?’ असं विचारलं, तर चर्चेचं वाक्य दोन-तीन ओळी खाली सरकवा, भाडं कोणत्या तारखेला भरायचं आणि उशीर झाला तर काय, ही वाक्यं मध्ये येऊ द्या, आणि पुन्हा दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.